लग्नाचा अल्बम एक, फोटो सगळ्यांचे

लग्नात फोटोग्राफरने काढलेले फोटो महिन्या-दीड महिन्याने पेनड्राइव्हवर मिळतात. पण नवरीच्या हातावर मेंदी रंगत असताना आत्याने टिपलेला क्षण किंवा पंगतीत मठ्ठ्याचा पेला सांडल्यावर उडालेला हशा त्यात नसतो. ते सगळे पाहुण्यांच्या फोनमध्ये विखुरलेले राहते. ते एका जागी आणण्याची सोय म्हणजे सामायिक अल्बम. त्यासाठी अनेक साधने आहेत, पण आपल्याकडे बहुतेकांच्या हातात अँड्रॉइड फोन असतो आणि त्यात गूगल फोटोज हे ॲप बहुधा आधीच असते. म्हणून इथे त्याचाच आधार घेतला आहे.

अल्बम उघडणे सोपे आहे. ॲपमधल्या अधिक चिन्हावर बोट ठेवून अल्बम निवडायचा, त्याला नाव द्यायचे आणि दोन-चार फोटो टाकून तो शेअर करायचा. त्यानंतर अल्बमच्या तीन ठिपक्यांमागील पर्यायांत जाऊन दोन गोष्टी तपासाव्या लागतात. Collaborate हा पर्याय चालू असेल तरच इतरांना फोटो घालता येतात. तो बंद असेल तर नातेवाईक नुसते बघत राहतात आणि ‘माझे फोटो जातच नाहीत’ अशी तक्रार करतात. Link sharing चालू असेल तर दुवा ज्याच्याकडे पोहोचेल त्याला अल्बम उघडतो. बघण्यासाठी गूगलचे खाते लागत नाही, साध्या ब्राउझरमध्येही अल्बम दिसतो. फोटो घालण्यासाठी मात्र खाते लागतेच. आजोबांना अल्बम दिसतो पण त्यांचे फोटो येत नाहीत, याचे कारण बहुतेक वेळा त्यांच्या फोनवर खात्यात प्रवेश केलेला नसतो, एवढेच असते.

हा दुवा लग्नाच्या आधी, म्हणजे हळदीच्या आदल्या दिवशीच नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलेला बरा. लग्न आटोपून माणसे आपापल्या गावी गेली की कोणी फोटो पाठवत नाही. दुव्याचा क्यूआर कोड छापून कार्यालयात जेवणाच्या रांगेजवळ लावला तरी काम होते. रांगेत उभ्या माणसाला तेवढा वेळ असतो.

पुढे जे घोळ होतात त्यांतले बरेचसे एका गैरसमजातून होतात. अल्बम म्हणजे सगळ्यांचे फोटो आत पडणारी पेटी, असे लोकांना वाटते. प्रत्यक्षात तो वाचनालयाच्या सूचीसारखा असतो. फोटो राहतो तो ज्याने घातला त्याच्याच खात्यात. अल्बम फक्त तो कुठे आहे हे दाखवतो.

जागेचा हिशेब आधी पाहू. गूगलच्या एका खात्याला 15 जीबी जागा फुकट मिळते आणि ती मेल, ड्राइव्ह आणि फोटो यांत वाटली जाते. 1 जून 2021 पूर्वी किंचित लहान केलेले फोटो या जागेत मोजले जात नव्हते. ती सवलत आता नाही. समजा, कोल्हापूरला दोन दिवसांचे लग्न आहे आणि 25 नातेवाइकांनी प्रत्येकी 60 फोटो घातले. एका फोटोला सरासरी 4 एमबी धरले तर 1,500 फोटोंचे सुमारे 6 जीबी होतात. नवरीच्या भावाने हे सगळे फोटो स्वतःच्या फोनवर मागवून आपल्या खात्यातून चढवले तर त्याची सुमारे चाळीस टक्के जागा एका लग्नात जाईल. प्रत्येकाने आपापले फोटो थेट अल्बममध्ये घातले तर तो भार वाटला जातो आणि एकेकाच्या वाट्याला जेमतेम 240 एमबी येतात. अल्बमची स्वतःची मर्यादा 20,000 फोटो-व्हिडिओंची आहे, त्यामुळे तिची चिंता नको. खरी जागा खातात ते व्हिडिओ. वरातीचा दहा मिनिटांचा एकच व्हिडिओ एका माणसाच्या सगळ्या फोटोंपेक्षा मोठा भरू शकतो.

सूचीची दुसरी बाजू जास्त त्रासदायक आहे. लग्नानंतर दोन महिन्यांनी काकांचा फोन भरतो आणि ते गूगल फोटोजमध्ये जाऊन लग्नाचे फोटो पुसतात, कारण ‘अल्बममध्ये आहेतच की’. पण तिथून पुसलेला फोटो खात्यातूनही जातो आणि अल्बममधूनही. कोणी अल्बममधून बाहेर पडले तरी त्यांनी घातलेले फोटो त्यांच्याबरोबर जातात, मग ग्रुपमध्ये रुसवाफुगवी झाली म्हणून पडले असोत की नोटिफिकेशनला कंटाळून. अल्बममधले चित्रांचे आकडे अचानक घटले तर आधी हीच शंका घ्यावी. बॅकअप झालेला फोटो 60 दिवस ट्रॅशमध्ये राहतो. तेवढ्या मुदतीत ज्याने पुसला त्याने तो परत आणला की अल्बममध्येही तो आपल्या जागी येतो. दुसऱ्या कोणाला तो आणता येत नाही. फोन रिकामा करायचाच असेल तर ॲपमधली जागा मोकळी करण्याची सोय वापरावी. ती फक्त फोनवरची प्रत काढते, खात्यातली ठेवते.

ज्याला एखादा फोटो कायमचा हवा असेल त्याने तो अल्बममध्ये बघून समाधान मानू नये, आपल्या खात्यात जतन करावा. मग ती त्याची स्वतंत्र प्रत होते आणि मूळ मालकाने काहीही केले तरी टिकते. अर्थात ती त्याच्या जागेत मोजली जाते. आजीचा नातसुनेबरोबरचा एकुलता एक फोटो असेल तर 4 एमबीचा हिशेब कोणी करत नाही.

आता फोटो येतात कोणत्या वाटेने, हे पाहावे लागते. अनेक घरांत फोटो आधी व्हॉट्सॲपवर फिरतात आणि मग तिथून उतरवून अल्बममध्ये घातले जातात. व्हॉट्सॲप नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो आकसतो. फोनच्या पडद्यावर फरक कळत नाही, पण भिंतीवर लावायला मोठी प्रिंट काढली की शालूच्या जरीच्या जागी पिवळा गिचका दिसतो. 2023 मध्ये आलेल्या एचडी पर्यायाने आकार थोडा वाढतो, पण तोही मूळ फोटो नव्हे. अशी फाइल नावावरून ओळखता येते. IMG ने सुरू होऊन पुढे तारीख आणि मग WA ही अक्षरे दिसली की ती व्हॉट्सॲपवरून आली आहे.

आकारापेक्षाही दुसरे नुकसान अल्बमला जास्त बाधते. कॅमेरा प्रत्येक फोटोच्या पोटात तो कधी काढला याची नोंद ठेवतो आणि अल्बम त्याच नोंदीवरून फोटो क्रमाने लावतो. व्हॉट्सॲप पाठवताना ही नोंद काढून टाकते. मग फोटोला तो फोनवर आला तेव्हाची वेळ चिकटते. त्यामुळे सीमांतपूजनाचे फोटो मावशीने तिसऱ्या दिवशी फॉरवर्ड केले तर ते सत्यनारायणाच्या पूजेनंतर जाऊन बसतात. ज्यांना अल्बममध्ये स्वतः फोटो घालणे जमत नाही, त्यांनी व्हॉट्सॲपवरच पाठवायचे तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावेत. तसे पाठवल्यास फाइल जशीच्या तशी जाते, नोंदीसकट. माणूस शेजारीच बसलेला असेल तर दोन अँड्रॉइड फोनमध्ये क्विक शेअर आणि दोन आयफोनमध्ये एअरड्रॉप जास्त सोयीचे.

वेळेचा आणखी एक घोळ कॅमेरे करतात. फोनचे घड्याळ नेटवर्कवरून आपोआप लागते, कॅमेऱ्याचे हाताने लावावे लागते आणि ते कोणी लावत नाही. कोल्हापूरच्या त्याच लग्नात मामेभावाने आपला कॅमेरा आणला आहे असे धरू. अल्बम वेळेप्रमाणे लावल्यावर दिसते की त्याच्या फोटोंत वधूवरांच्या गळ्यात हार आहेत आणि त्यानंतर लगेच इतरांच्या फोटोंत अंतरपाट धरलेला आहे. घड्याळ किती चुकले आहे हे काढायला एकच क्षण पुरतो, जो दोघांनीही टिपला आहे. अंतरपाट खाली येतो तो क्षण यासाठी फार कामाचा, कारण त्या वेळी सगळ्यांचेच हात वर असतात. आत्याच्या फोनवर त्या फोटोची वेळ 12:35 आहे आणि मामेभावाच्या कॅमेऱ्यात 11:48. म्हणजे कॅमेरा 47 मिनिटे मागे आहे.

दुरुस्ती संगणकावर photos.google.com उघडून करावी. कॅमेऱ्याचे सगळे फोटो एकत्र निवडून तारीख-वेळ बदलण्याच्या पर्यायात जायचे. तिथे Shift dates & times निवडले तर पहिल्या फोटोला दिलेल्या बदलाइतकेच बाकीचे सगळे पुढे सरकतात. त्याऐवजी सगळ्यांना एकच वेळ देण्याचा पर्याय चुकून निवडला तर चारशे फोटो एकाच मिनिटात जाऊन बसतात आणि त्यांचा आपापसातला क्रमही जातो. हे काम मामेभावालाच करावे लागते, कारण फोटो त्याच्या खात्यातले आहेत. ही दुरुस्ती गूगल फोटोजपुरतीच असते. तेच फोटो उतरवून घेतले तर फाइलमध्ये जुनीच वेळ असते. त्यानंतर अल्बमच्या मालकाने क्रम ‘जुने आधी’ असा लावला की हळदीपासून गृहप्रवेशापर्यंत लग्न ओळीने उलगडते. पुढच्या कार्याला कॅमेरा आणणाऱ्याने पहिला फोटो फोनवरच्या घड्याळाचा काढून ठेवावा. मग ही शोधाशोध करावी लागत नाही.

घरात आयफोन जास्त असतील तर ॲपलचाही सामायिक अल्बम आहे. त्याचा फायदा असा, की त्यातले फोटो कोणाच्याही आयक्लाउडच्या जागेत मोजले जात नाहीत. पण तिथे मर्यादा 5,000 फोटोंची आहे, फोटो लांब बाजूने 2,048 पिक्सेलपर्यंत लहान केले जातात आणि अँड्रॉइडवाल्यांना वेबपानावर नुसते बघता येते, घालता येत नाही. मराठी घराच्या लग्नात हा शेवटचा मुद्दाच बहुतेक वेळा निकाल लावतो. आयफोनवर गूगल फोटोज घालता येते; उलट मार्ग नाही.

दुव्याबद्दल थोडी सावधगिरी हवी. दोनशे माणसांच्या ग्रुपवर टाकलेला दुवा दोनशे माणसांपाशी राहत नाही. फोटोंबरोबर जागेची नोंदही जाऊ शकते. कार्यालयाचा पत्ता कळला तर बिघडत नाही, पण घरच्या देवकार्याच्या फोटोंतून घराचा ठिकाणा जातो. पर्यायांत जागा न दाखवण्याची सोय आहे. नको असलेला फोटो, मग तो कोणीही घातलेला असो, मालकाला अल्बममधून काढता येतो. घालणाऱ्याच्या खात्यात तो तसाच राहतो.

फोटो येण्याचा ओघ साधारण महिन्याभरात आटतो. तेव्हा मालकाने Collaborate बंद करावे आणि संगणकावरून पूर्ण अल्बम झिप फाइल म्हणून उतरवून घ्यावा. ती हार्ड डिस्कवर ठेवावी आणि एक प्रत दुसऱ्या घरी द्यावी, म्हणजे वधूकडे एक आणि वराकडे एक. सलग दोन वर्षे न वापरलेले खाते गूगल पुसू शकते, आणि नात्यातल्या वडीलधाऱ्यांची खाती अनेकदा तशीच पडून असतात. त्यांनी घातलेले फोटो त्या दिवशी अल्बममधून जातील, झिपमधून जाणार नाहीत.