लोणारच्या उन्हात स्टिक, स्प्रे की पावडर?
लोणारच्या विवरात उतरायचं तर सनस्क्रीन क्रीम घरूनच लावून निघावं. चेहरा आणि मानेला दोन बोटांच्या लांबीइतकं हवं. वेष्टनावरचा एसपीएफ त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम थर धरून मोजलेला असतो. पावडरचा तेवढा थर कुणी देतच नाही. ती फार तर क्रीमवरची जोड. स्प्रे काठावरच्या वाऱ्यात बराच उडून जातो. तो तळहातावर घेऊन चोळावा, तोंडावर थेट मारू नये. दोन तासांनी, हात धुळीने माखलेले असताना, स्टिक मात्र खरंच कामाला येते. आधी घाम टिपा, मग नाक, गाल, कानांवर प्रत्येक जागी चारदा फिरवा. एकदाच फिरवली तर मधे कोऱ्या पट्ट्या राहतात आणि संध्याकाळी त्याच लाल झालेल्या दिसतात.