स्नेहसंमेलनाची बातमी

शाळेच्या वार्षिक स्नेहसंमेलनाचा कार्यक्रम ठरलेल्या क्रमाने होतो. दीपप्रज्वलन, ईशस्तवन, स्वागतगीत, प्रास्ताविक, अहवालवाचन, पाहुण्यांचे भाषण, बक्षीस वितरण, मुलांचे नाच आणि नाटके, शेवटी आभार. बहुतेक विद्यार्थी याच क्रमाने बातमी लिहितात, आणि तिथेच ती फसते. घडले तसे ओळीने नोंदवणे हे इतिवृत्ताचे काम आहे. ते शाळेच्या दप्तरात राहते आणि तिथे ते योग्यच असते. वृत्तपत्राचा वाचक मात्र त्या मंडपात बसलेला नसतो. समई कोणी लावली याच्याशी त्याला कर्तव्य नसते. त्या संध्याकाळी नवे काय घडले, एवढेच त्याला हवे असते.

म्हणून बातमीत महत्त्वाचे आधी आणि कमी महत्त्वाचे नंतर येते. या रचनेला उलटा पिरॅमिड म्हणतात: रुंद बाजू वर, टोक खाली. ती टिकून राहण्याचे एक कारण अगदी व्यावहारिक आहे. खिळे जुळवून पाने छापली जात, तेव्हा मजकूर जागेत मावला नाही की तो शेवटाकडून कमी करणे सर्वांत सोपे पडे. आजही ऐन वेळी जाहिरात आली की उपसंपादक तळाच्या ओळी काढतो. तळाशी गौण मजकूर असेल, तरच ही कापाकापी बातमीला सोसते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. वाईच्या एका शाळेचे स्नेहसंमेलन शनिवारी, १७ जानेवारीला झाले. शाळेचे नाव अबक विद्यालय धरू. वार्ताहराच्या वहीतल्या नोंदी अशा: पाहुणे म्हणून निवृत्त शिक्षणाधिकारी आले होते. ४२ विद्यार्थ्यांना बक्षिसे मिळाली. एकूण १४ कार्यक्रम झाले. नववीच्या मुलांनी ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शिक्षणावर स्वतः लिहिलेले नाटक केले आणि त्याला सर्वाधिक टाळ्या मिळाल्या. छत गळत असल्याने शाळेची प्रयोगशाळा दोन वर्षे बंद आहे; माजी विद्यार्थ्यांनी तीन लाख रुपये जमवले असून नवी प्रयोगशाळा जूनमध्ये सुरू होईल, असे मुख्याध्यापकांनी जाहीर केले.

लिहायला बसण्याआधी यातले एक निवडावे लागते. कार्यक्रमात सर्वाधिक वेळ नाचांनी घेतला असेल, पण वेळ आणि महत्त्व यांचा संबंध नसतो. निवडीची कसोटी अशी, की कोणत्या गोष्टीमुळे उद्यापासून कोणाच्या तरी आयुष्यात फरक पडणार आहे? प्रयोगशाळेमुळे पडणार आहे. ही घोषणा झाली नसती, तर मुलांनीच लिहिलेले नाटक वर आले असते, कारण ते दर वर्षी, प्रत्येक शाळेत घडत नाही. पाहुण्यांचे येणे तिसऱ्या क्रमांकावर जाते. पाहुणे मंत्री किंवा नामवंत खेळाडू असते, तर हा क्रम कदाचित बदलला असता.

निवड झाली की पहिला परिच्छेद, म्हणजे इंट्रो, सुचायला सोपा जातो:

‘वाई, ता. १८ : माजी विद्यार्थ्यांनी जमवलेल्या तीन लाख रुपयांतून येथील अबक विद्यालयात विज्ञान प्रयोगशाळा उभारली जाणार असून, येत्या जूनपासून ती सुरू होईल. शाळेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात शनिवारी (ता. १७) मुख्याध्यापकांनी ही घोषणा केली.’

काय, कोण, कुठे, कधी आणि कसे ही पाचही उत्तरे या दोन वाक्यांत आली. सहावा ‘का’ मुद्दाम पुढच्या परिच्छेदासाठी ठेवला आहे. सहाही ककार पहिल्याच वाक्यात कोंबण्याच्या हट्टापायी इंट्रो वाचता वाचता धाप लागते. सुरुवातीची तारीख बातमी पाठवल्याची असते आणि कार्यक्रमाची तारीख आतल्या मजकुरात येते, हेही इथे दिसते. या दोन तारखांची गल्लत विद्यार्थ्यांच्या लेखनात फार आढळते. काही वृत्तपत्रे ‘ता.’ ऐवजी ‘दि.’ छापतात, एका बातमीत एकच पद्धत ठेवली की झाले.

दुसऱ्या परिच्छेदात इंट्रोला आधार द्यायचा: जुनी प्रयोगशाळा का बंद पडली, तोवर मुले प्रयोग कुठे करत होती, पैसे कसे जमले. मुख्याध्यापकांचे एखादे नेमके वाक्य इथे शोभते, मात्र ते त्यांनी खरोखर उच्चारलेले असले पाहिजे. तिसरा परिच्छेद नाटकाचा. त्यात ‘प्रेक्षक मंत्रमुग्ध झाले’ असे लिहून काहीच कळत नाही. कोयता बाजूला ठेवून पाटी हातात घेणाऱ्या मुलीच्या प्रसंगाला टाळ्या पडल्या, असे लिहिले की प्रसंग दिसतो. चौथ्यात पाहुणे येतात. ‘त्यांनी मोलाचे मार्गदर्शन केले’ हे वाक्य शेकडो बातम्यांत असते आणि ते मोल काय होते, हे एकाही बातमीत नसते. पाहुण्यांनी मुलांना रोज वर्तमानपत्र वाचायला सांगितले असेल, तर तेवढेच लिहावे. त्यानंतर बक्षिसांचा आकडा आणि मुख्य पारितोषिकांचे मानकरी. ४२ नावे मजकुरात घातली तर बातमी यादीखाली दबून जाते, म्हणून ती वेगळ्या चौकटीत द्यावीत.

सूत्रसंचालन कोणी केले आणि आभार कोणी मानले, ही ओळ अगदी शेवटी येते. तिथे ती ठेवण्यात कोणाचा अवमान नाही. स्थानिक अंकात जागा असली तर ती छापली जाते आणि त्या शिक्षकांना आनंदही होतो. जागा नसली तर ती निघून जाते आणि बातमी पूर्णच राहते.

मथळा सर्वांत वर छापला जात असला, तरी तो इंट्रोनंतर लिहावा, कारण त्याचा जीव इंट्रोतच असतो. ‘अबक विद्यालयाचे स्नेहसंमेलन उत्साहात’ हा मथळा नाव बदलून कोणत्याही शाळेला, कोणत्याही वर्षी चालतो. याचाच अर्थ त्यात बातमी नाही. ‘माजी विद्यार्थ्यांच्या निधीतून शाळेला प्रयोगशाळा’ हा मथळा याच शाळेचा आहे. परीक्षेच्या प्रश्नात स्नेहसंमेलनाचाच विषय दिलेला असेल, तर ‘स्नेहसंमेलनात प्रयोगशाळेची घोषणा’ असे लिहून दोन्ही साधते.

भाषेत दोन पथ्ये सांभाळावी लागतात. वार्ताहर त्याच शाळेचा विद्यार्थी असला तरी ‘आमच्या शाळेत’ असे लिहिता येत नाही; ‘येथील विद्यालयात’ असेच लिहावे लागते. आणि ‘अप्रतिम’, ‘दिमाखदार’ अशी विशेषणे गाळावी लागतात, कारण तो बातमीदाराचा अभिप्राय ठरतो. अभिप्राय द्यायचाच असेल, तर तो प्रेक्षकांतल्या कोणाच्या तरी तोंडून, नावानिशी यावा.

लिहून झाल्यावर खालचा एकेक परिच्छेद हाताने झाकत वर यावे. प्रत्येक वेळी उरलेला मजकूर स्वतंत्र बातमी म्हणून उभा राहिला, तर क्रम बरोबर आहे. झाकताना एखादी महत्त्वाची गोष्ट नाहीशी झाली, उदाहरणार्थ तीन लाखांचा आकडा चौथ्या परिच्छेदात सापडला, तर तो वर न्यावा लागतो. मग नावांचे शुद्धलेखन, आडनावे, इयत्ता आणि रक्कम शाळेकडून पुन्हा पडताळून घ्यावी. आकडा भाषणात ऐकलेला असतो, आणि भाषणात ‘सुमारे तीन लाख’ आणि ‘तीन लाख’ यांतला फरक सहज निसटतो.