ट्रिपल ए शिक्क्याखाली दडलेली जोखीम

१६ सप्टेंबर २००८ रोजी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, म्हणजे फेडरल रिझर्व्हने, एआयजी या विमा कंपनीला ८५ अब्ज डॉलरचे कर्ज मंजूर केले. त्या बदल्यात कंपनीची जवळजवळ ८० टक्के मालकी सरकारकडे आली. आदल्याच दिवशी लेहमन ब्रदर्स दिवाळखोरीत गेली होती आणि तिला कोणी वाचवले नव्हते. टाटा समूहाबरोबरच्या भागीदारीमुळे एआयजी हे नाव तेव्हा मुंबई-पुण्यातही ओळखीचे होते. आग, अपघात आणि वाहनांच्या विम्याने ही कंपनी बुडत नव्हती. तिला बुडवत होता तो लंडन आणि कनेक्टिकटमधून चालणारा, जेमतेम चारशे माणसांचा एक विभाग. त्याने कशाचा विमा उतरवला होता, हे समजण्यासाठी आधी गृहकर्जांकडे जावे लागते.

गृहकर्ज देणारी संस्था ते कर्ज वीस-तीस वर्षे स्वतःकडे ठेवते, ही आपली नेहमीची समजूत. अमेरिकेत २००० नंतर बहुसंख्य कर्जांच्या बाबतीत ती खरी राहिली नव्हती. कर्ज दिले की ते वॉल स्ट्रीटवरच्या बँकेला विकले जाई. बँक अशी हजारो कर्जे एका गठ्ठ्यात बांधून त्यावर रोखे काढी आणि घरमालकांचे हप्ते रोखेधारकांपर्यंत पोचत. कर्ज फिटेल की नाही याची चिंता करण्याचे कारण मूळ सावकाराला उरले नाही. त्यामुळे तुटपुंज्या उत्पन्नाच्या लोकांनाही सबप्राइम कर्जे वाटली गेली. त्यातली अनेक अशी होती की पहिली दोन वर्षे व्याज कमी आणि नंतर हप्ता एकदम वाढणारा. घराचे भाव चढते होते तोवर हप्ता वाढण्याआधी नवे कर्ज काढून जुने फेडता येत असे.

आता एक गठ्ठा उघडून पाहू. समजा त्यात १०० कोटी डॉलरची कर्जे आहेत. रोखे थरांमध्ये विभागलेले असतात. बुडीत रक्कम आधी सर्वांत खालच्या थराच्या माथी येते, तो संपला की वरच्या थराच्या. वरच्या ८० कोटींच्या रोख्यांना पतमानांकन संस्था सर्वोच्च, म्हणजे ट्रिपल ए, दर्जा देत. खाली एक पातळसा ट्रिपल बी थर असे. तो ३ कोटींचा धरू. गठ्ठ्याचे नुकसान ५ टक्क्यांच्या आत राहिले तर या थराला धक्का लागत नाही. ते ८ टक्क्यांवर गेले तर हा थर पूर्ण नाहीसा होतो.

हे ट्रिपल बी रोखे विकणे अवघड होते. म्हणून बँकांनी शंभर वेगवेगळ्या गठ्ठ्यांतले असे थर गोळा करून ३०० कोटींचा नवा गठ्ठा बांधला. त्याचे नाव सीडीओ. त्याचेही थर पाडले आणि वरच्या ७५ टक्क्यांवर, म्हणजे २२५ कोटींवर, पुन्हा ट्रिपल एचा शिक्का बसला. त्यामागची भिस्त अशी की फ्लोरिडात घरे पडून राहिली तरी त्याच वेळी कॅलिफोर्नियात आणि ओहायोत तसे होणार नाही.

पण भाव देशभर एकदमच पडले तर काय होते? प्रत्येक मूळ गठ्ठ्यात ४ टक्के नुकसान झाले तर सीडीओला काहीच तोशीस नाही. ते साडेसहा टक्के झाले तर प्रत्येक ट्रिपल बी थर निम्मा गेला, म्हणजे सीडीओतले १५० कोटी बुडाले. त्यातले ७५ कोटी खालच्या थराने सोसले. उरलेले ७५ कोटी ‘सर्वांत सुरक्षित’ थरातून गेले, म्हणजे त्याचा एक तृतीयांश. आठ टक्क्यांना काहीच उरत नाही. चार आणि आठ टक्के यांच्यातल्या एवढ्याशा अंतरावर सारा डोलारा उभा होता. २००६ मध्ये घरांचे भाव थांबले आणि मग देशभर घसरू लागले. मूडीजने त्या वर्षी ट्रिपल ए ठरवलेल्या गृहकर्ज रोख्यांपैकी ८३ टक्क्यांचा दर्जा पुढे उतरवावा लागला. मानांकनाची फी रोखे विकणारेच देत होते, हे इथे सांगितलेच पाहिजे.

एआयजीचा तो विभाग याच वरच्या थराचा विमा उतरवत होता. या कराराचे नाव क्रेडिट डिफॉल्ट स्वॉप. बँकेने वर्षाला छोटी रक्कम द्यायची, रोखे बुडाले तर एआयजीने भरपाई करायची. दर होता सुमारे ०.१२ टक्के. एक अब्ज डॉलरच्या हमीसाठी वर्षाला १२ लाख डॉलर! बुडण्याची शक्यताच नाही असे मानल्यामुळे हे पैसे फुकटचे वाटले. बँकांनाही ते सोयीचे होते, कारण हमी घेतल्यावर स्वतःचे भांडवल कमी बाजूला ठेवावे लागे. कायद्याच्या दृष्टीने हा विमाच नव्हता, म्हणून दाव्यांसाठी राखीव निधी ठेवण्याची सक्ती नव्हती. २००० साली अमेरिकी संसदेने केलेल्या कायद्याने असे करार नियामकांच्या हाताबाहेर ठेवले होते. करार दोन पक्षांच्या कपाटात. कोणी कोणाला किती हमी दिली आहे, याची एकत्रित नोंद कुठेही नव्हती.

शिवाय रोखे स्वतःजवळ नसतानाही स्वॉप घेता येत असे. शेजाऱ्याच्या घराचा आगीचा विमा दहा जणांनी काढावा, तसा हा प्रकार. घर एकच, पण जळाले तर भरपाई दहांना. त्यामुळे प्रत्यक्ष कर्जांपेक्षा त्यांवरच्या पैजांची रक्कम फुगत गेली.

एआयजीने सबप्राइमवरच्या नव्या हमी २००६ च्या सुरुवातीला थांबवल्या, पण दिलेल्या हमी तशाच राहिल्या. बहुतेक लेखांत निसटतो तो मुद्दा त्या करारांतल्या एका कलमाचा आहे. कर्जे प्रत्यक्ष बुडेपर्यंत थांबण्याची बँकांना गरजच नव्हती. रोख्यांचा बाजारभाव घसरला किंवा एआयजीचे स्वतःचे मानांकन उतरले, तर एआयजीने लगेच रोख तारण जमा करायचे होते. जुलै २००७ च्या अखेरीस गोल्डमन सॅक्सने १.८ अब्ज डॉलर मागितले. त्या रोख्यांना खुला बाजार नव्हता, त्यामुळे भाव कोणाचा खरा यावर वाद झाला आणि ऑगस्टमध्ये एआयजीने ४५ कोटी डॉलर दिले. कंपनीच्या मुख्य जोखीम अधिकाऱ्यानेही नंतर सरकारी चौकशी आयोगाला सांगितले की, मागण्या येईपर्यंत हे कलम आपल्याला ठाऊक नव्हते.

मग एकामागून एक बँका दारात उभ्या राहिल्या. रोखे उसने देण्याच्या दुसऱ्या व्यवहारातही कंपनीचा पैसा अडकला होता. १५ सप्टेंबरला मानांकन उतरले, तारणाच्या नव्या मागण्या आल्या आणि तिजोरीत रोकड नव्हती. एआयजी पडली असती तर तिच्या हमीवर विसंबलेल्या युरोप-अमेरिकेतल्या बँकांना तोटा आपल्या खात्यात घ्यावा लागला असता. जोखीम हजारो गुंतवणूकदारांत वाटली गेली आहे असे सगळे म्हणत होते. प्रत्यक्षात ती एका कंपनीच्या दारात येऊन साचली होती.

नोव्हेंबर २००८ मध्ये न्यूयॉर्क फेडने उभारलेल्या कंपनीने सुमारे ६२ अब्ज डॉलर दर्शनी किमतीचे ते रोखे घेतले आणि बँकांना, आधी मिळालेले तारण धरून, पूर्ण किंमत मिळाली. २०१२ च्या अखेरीस सरकारने आपले शेअर विकले तेव्हा हिशेबात २२.७ अब्ज डॉलरचा नफा दिसला. तरीही बँकांना एक पैसाही सोडायला न लावणे अन्यायाचेच होते, असे मला वाटते. त्याच काळात लाखो कुटुंबे घराबाहेर पडत होती.

भारतात रिझर्व्ह बँकेने २०११ मध्ये कंपनीरोख्यांवरच्या क्रेडिट डिफॉल्ट स्वॉपला परवानगी दिली, तेव्हा विमा घेणाऱ्या गुंतवणूकदाराकडे मूळ रोखा असलाच पाहिजे अशी अट घातली. २०१२ मध्ये, कर्जांचा गठ्ठा विकणाऱ्या बँकेने त्यातला काही हिस्सा स्वतःकडेच ठेवला पाहिजे, असाही नियम आला.