औषधांचा डबा रिकामा करून पाहताना

बकरी ईद जवळ आली की घराघरांत सुऱ्यांना धार लावली जाते, मोठी पातेली खाली निघतात. त्या तीन दिवसांत एखाद्याचा हात कापणे हेही ठरलेलेच. मग कापसासाठी औषधांचा डबा शोधला जातो आणि त्यात कापूस सोडून सगळे सापडते. म्हणून यंदा ईदच्या आठवडाभर आधी आम्ही ओळखीच्या एका घरी बसून त्यांचा डबा पूर्ण रिकामा केला. घर सात माणसांचे : दादी, मुलगा, सून, धाकटा दीर आणि तीन मुले. डबा बिस्किटांचा, पत्र्याचा. चादरीवर ओतला तेव्हा चाळीसच्या वर वस्तू निघाल्या.

अशा वेळी सगळे आधी तारीख पाहतात. आम्ही आधी ओळख पटवली. जखमेवर लावायचे एका बाजूला, पोटात घ्यायचे दुसऱ्या, डोळ्या-कानात घालायचे तिसऱ्या. जे कशाचे आहे हे कागदावर वाचता येत नाही, त्याचा चौथा ढीग. हाच ढीग सर्वांत मोठा झाला. पट्टी कात्रीने कापून दोन-दोन गोळ्यांचे तुकडे ठेवलेले, नाव एका तुकड्यावर गेलेले, तारीख दुसऱ्यावर. एका गुलाबी गोळीबद्दल दादी म्हणाल्या, "ही माझ्या गुडघ्याची." सूनबाई म्हणाल्या, "नाही अम्मी, ही अ‍ॅसिडिटीची." वाद मिटला नाही, म्हणून गोळी टाकून दिली. पट्टीच्या ज्या टोकाला तारीख उमटवलेली असते ते टोक शेवटपर्यंत ठेवावे आणि गोळ्या दुसऱ्या टोकाकडून काढाव्यात, एवढे पाळले तरी हा ढीग पुढच्या वर्षी निम्मा होईल.

मग तारखा. डब्यावर फक्त महिना आणि वर्ष छापलेले असेल, तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध चालते. पण ही तारीख न उघडलेल्या, सांगितल्याप्रमाणे थंड-कोरड्या जागी ठेवलेल्या औषधाची असते. उघडल्यावर हिशेब बदलतो. डोळ्यांच्या थेंबांची एक बाटली तारखेत होती, पण ती रमजानच्या आधी फोडलेली. असे थेंब उघडल्यापासून साधारण एका महिन्यात टाकून द्यायचे असतात, कारण बाटलीचे तोंड पापणीला लागते आणि आत जंतू जातात. पाणी घालून तयार करायच्या अँटिबायोटिक सिरपचेही तसेच. भुकटीची तारीख वर्षभर पुढची असली, तरी पाणी घातल्यावर ते काही दिवसच टिकते. बहुतेकांवर सात दिवस लिहिलेले असते आणि काही फ्रीजमध्येच ठेवावी लागतात. या डब्यातल्या बाटलीच्या तळाशी नारिंगी गोळा बसला होता. खरे तर असे औषध उरायलाच नको. डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस देऊन कोर्स पुरा करायचा असतो.

जिथे आम्ही सर्वांत जास्त वेळ बसलो, ते म्हणजे मुलांच्या तापाचे औषध. तीन बाटल्या होत्या, तीन कंपन्यांच्या, आणि घरात तिन्हींना "तापाचे सिरप" म्हणत. तिन्हींत औषध एकच, पॅरासिटामॉल. पण जोर वेगळा. पहिल्या बाटलीत ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम, दुसरीत तेवढ्यातच २५०. तिसरी तान्ह्या मुलांच्या थेंबांची, ड्रॉपर हरवलेली. तिच्यात एकाच मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम. लहानांची म्हणून ती सौम्य असेल असे सर्वांना वाटे, आणि तीच सर्वांत तेज.

घरातले धाकटे मूल १२ किलोचे. मुलांना हे औषध एका वेळी वजनाच्या दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम देतात, म्हणजे या मुलाला १२० ते १८०. पहिल्या बाटलीचे ५ मिलिलिटर दिले तर १२५ मिलिग्रॅम जाते, बरोबर. दुसरीचे अडीच मिलिलिटर, तेवढेच. थेंबांतून साधारण सव्वा मिलिलिटर पुरे. पण ड्रॉपर नाही म्हणून थेंबांच्या बाटलीतून सिरपचे झाकण भरून ५ मिलिलिटर दिले, तर एका वेळी ५०० मिलिग्रॅम जाईल, आणि दिवसात चार वेळा दिले तर २००० मिलिग्रॅम. एवढ्याने लहान मुलाच्या यकृताला गंभीर इजा होऊ शकते, आणि पहिल्या दिवशी मूल वरून ठीकही दिसू शकते. असे कधी घडल्याचे लक्षात आले, तर वाट न पाहता बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठायचा.

थेंबांची बाटली तारखेत होती, तरी आम्ही ती काढली, कारण घरात आता तान्हे कोणी नाही आणि मापही नाही. एकच ताकद ठेवली, बाटलीला तिचे माप रबराने बांधले. सर्दी-खोकल्याच्या एका सिरपमध्येही बारीक अक्षरांत पॅरासिटामॉल होते. ते तापाच्या औषधासोबत दिले तर मात्रा दुप्पट होते. म्हणून कंपनीचे मोठे नाव सोडून त्याखालचे औषधाचे नाव वाचायची सवय लावावी.

दादींची अ‍ॅस्पिरिन डॉक्टरांनी हृदयासाठी दिलेली. एका पट्टीला सिरक्यासारखा वास येत होता. ओल लागून गोळी विघटित झाल्याची ती खूण. ती पट्टी टाकली, चांगली पट्टी दादींच्या वेगळ्या डबीत गेली. मुलांच्या तापाला ही गोळी कधीच द्यायची नाही.

जखमेच्या सामानाचे काम लवकर झाले. गॉझच्या पाकिटाचा कागद फाटला किंवा ओला झाला असेल, तर तारीख काहीही असो, ते निर्जंतुक राहत नाही. वरून बांधायला वापरता येते, जखमेला टेकवायचे नाही. कापूसही थेट लावू नये, तंतू चिकटतात. हायड्रोजन पेरॉक्साइड चाचणीला थोडे सांडले, बुडबुडा आला नाही. त्याचे पाणी झाले होते. जंतुनाशक द्रव मात्र पाण्याच्या बाटलीत भरून ठेवलेला सापडला. तो लगेच ओतून टाकला, कारण तहानलेले मूल बाटली ओळखते, वास नंतर येतो.

सुरीने हात कापला तर वाहत्या पाण्याखाली धुवून स्वच्छ कापड दहा मिनिटे घट्ट दाबून धरावे, मध्ये उघडून पाहू नये. तेवढ्याने रक्त थांबले नाही, जखम खोल असेल किंवा बोट वाकत नसेल तर दवाखाना. धनुर्वाताच्या इंजेक्शनचेही तिथेच विचारावे. हळद, चहापत्ती भरून जाऊ नये. डॉक्टरांना आधी तीच काढावी लागते.

फेकायच्या ढिगाकडे पाहून दादी म्हणाल्या, "एवढे टाकायचे? इस्राफ होईल. कामवाल्या बाईला देऊ." आम्हाला हे पटले नाही. जे आपल्या मुलाला द्यायला नको, ते दुसऱ्याच्या मुलाला देणे ही खैरात नव्हे. गोळ्या पट्टीतून काढून वापरलेल्या चहापत्तीत कालवल्या, पिशवी बांधून कचऱ्यात दिली. शौचालयात काही ओतले नाही.

शेवटी डबा स्वयंपाकघरातल्या शेगडीवरच्या फळीवरून उचलून बेडरूमच्या कपाटात, मुलांच्या हाताबाहेर ठेवला. झाकणाच्या आत कागद चिकटवला : वस्तू, तारीख, उघडल्याचा दिवस. दुकानातून आणायला लागले ते गॉझची पाकिटे, चिकटपट्टी, पोव्हिडोन आयोडीनचे मलम आणि ओआरएसची चार पाकिटे. घरातले जुने ओआरएस खड्यासारखे घट्ट झाले होते. नवीन घेताना पाकिटावर एक लिटर पाण्याचे की २०० मिलिलिटरचे ते पाहून घेतले, कारण दोन्ही मिळतात आणि लहान पाकीट मोठ्या तांब्यात कालवले तर उपयोग राहत नाही.