अध्यक्षांचे मनोगत एका पानात

कंपनीच्या वार्षिक अहवालातील संचालक मंडळाचा अहवाल, ताळेबंद आणि लेखापरीक्षकांचा अहवाल कंपनी कायदा, २०१३ नुसार द्यावेच लागतात. अध्यक्षांच्या मनोगताचे तसे नाही. ते ऐच्छिक असते. लेखापरीक्षक त्याची तपासणी करत नाहीत, ते हिशेबाशी उघड विसंगत नाही ना एवढेच वाचून पाहतात. म्हणूनच हे मनोगत चार-पाच पानांवर पसरते आणि त्यात जागतिक अर्थव्यवस्थेपासून वृक्षारोपणापर्यंत सगळे येते. वर्षभरात भागधारकाच्या पैशाचे काय झाले, हे मात्र शोधावे लागते.

त्याचे एकपानी पत्र करायचे तर मनोगतातल्या वाक्यांना कात्री लावून भागत नाही. तसे केले की उरते ती छोटी जाहिरात. आधी मनोगत बाजूला ठेवून तीन गोष्टी वाचाव्या लागतात: रोख प्रवाहाचे विवरण, नफा-तोटा पत्रकातील अपवादात्मक बाबी आणि गेल्या वर्षीचे मनोगत. पत्राचा मजकूर तिथेच सापडतो.

उदाहरणादाखल पंप बनवणारी एक काल्पनिक कंपनी घेऊ. मनोगतात वाक्य आहे: ‘आव्हानात्मक परिस्थितीतही कंपनीने भक्कम कामगिरी करत निव्वळ नफ्यात सुमारे २३ टक्के वाढ नोंदवली.’ आकडा खरा आहे, नफा ३१ कोटींवरून ३८ कोटींवर गेला. पण अपवादात्मक बाबींमध्ये जुन्या कारखान्याची जागा विकल्याची नोंद आहे आणि कर वजा जाता त्यातून १४ कोटी मिळाले आहेत. ते वगळले तर धंद्यातला नफा २४ कोटी उरतो. म्हणजे वाढ नाहीच, उलट सुमारे २३ टक्के घट आहे.

विक्रीचेही असेच. ती ३८० कोटींवरून ४१२ कोटींवर गेली, हे मनोगतात ठळक अक्षरांत आहे. विक्रेत्यांकडून येणे वसूल व्हायला पूर्वी ७२ दिवस लागत, आता ९६ लागतात, हे टिपांमध्ये दडले आहे. हिशेब केला तर सुमारे ३३ कोटी रुपये बाजारात जास्तीचे अडकलेले दिसतात. त्यामुळे धंद्यातून हाती आलेली रोकड ३४ कोटींवरून ६ कोटींवर घसरली. वाढलेली विक्री बरीचशी उधारीवर झालेली आहे आणि कोणत्याही भागधारकाला सर्वात आधी कळायला हवे ते हेच.

आता पत्राचा पहिला परिच्छेद असा होतो: ‘यंदाचा नफा ३८ कोटी दिसतो. त्यातले १४ कोटी जागा विकून आले, ते पुन्हा येणार नाहीत. पंपांच्या धंद्यात नफा ७ कोटींनी घटला, कारण तांबे महागले आणि त्या प्रमाणात आम्ही दर वाढवू शकलो नाही. विक्री वाढवण्यासाठी विक्रेत्यांना उधारीची मुदत वाढवून दिली. आता ३३ कोटी जास्तीचे येणे आहे.’ दुसऱ्या परिच्छेदात गेल्या वर्षीचा शब्द येतो: दिवाळीपर्यंत सुरू होणारा नवा कारखाना का रखडला, खर्च किती वाढला, नवी तारीख कोणती. मग लाभांश आणि पुढच्या वर्षाची कामे. हे सारे साडेतीनशे-चारशे शब्दांत बसते.

जे वाक्य दुसऱ्या कोणत्याही कंपनीच्या अहवालात जसेच्या तसे खपेल, ते काढावे. ‘आव्हानात्मक परिस्थिती’ तिथेच गळते आणि तिच्या जागी तांबे येते. दोष सांगताना कर्ता लपवू नये: ‘मुदतवाढ देण्यात आली’ असे न लिहिता ‘आम्ही दिली’ असे लिहावे. आकडे चार-पाचच ठेवावेत, पण दरवर्षी तेच. सोयीचे माप निवडण्याची वाट त्यामुळे बंद होते. अमेरिकेच्या रोखे आयोगाने १९९८ मध्ये सोप्या इंग्रजीविषयी पुस्तिका काढली. तिच्या प्रस्तावनेत वॉरन बफे यांनी सांगितले आहे, की अहवाल लिहिताना ते आपल्या बहिणींशी बोलत आहोत असे समजतात. बहिणी हुशार आहेत, पण हिशेबशास्त्रातल्या तज्ज्ञ नाहीत.

मोकळेपणाला एक मर्यादा आहे. नोंदणीकृत कंपनीने शेअर बाजाराला न कळवलेली, भावावर परिणाम करणारी माहिती अशा पत्रातून प्रथम फोडता येत नाही. मात्र वरच्या उदाहरणातला प्रत्येक आकडा अहवालातच छापलेला असतो किंवा त्यातून काढता येतो. त्यामुळे कंपनीने असे पत्र दिले नाही, तरी भागधारकाने अहवालातला नफा आणि धंद्यातून आलेली रोकड शेजारी मांडून पाहावी आणि तफावत दिसली तर वार्षिक सभेत तिचे कारण विचारावे.