कमिशनचा स्लॅब: सही करण्याआधी हिशेब एकदा मांडून घ्या

आपल्या अनेक घरांतली मुले-मुली कपड्यांच्या शोरूममध्ये सेल्सच्या नोकरीला आहेत. मुलाखतीत पगार ठरतो आणि मग मॅनेजर सांगतो, "वर कमिशन आहेच, जितकं विकाल तितकं मिळेल." हातात एक छोटा तक्ता दिला जातो. तक्ता सोपा दिसतो, पण त्याच तक्त्याचे दोन अर्थ निघतात आणि दोन्हींत पैशांचा मोठा फरक पडतो.

समजा, एका सेल्समनचे महिन्याचे टार्गेट 5 लाख रुपये आहे. तक्ता असा: टार्गेटच्या 80 टक्क्यांपर्यंत, म्हणजे 4 लाखांपर्यंत, अर्धा टक्का. त्यापुढे टार्गेट पूर्ण होईपर्यंत 1 टक्का. टार्गेट गाठले की 2 टक्के.

एक तक्ता, दोन हिशेब

पहिल्या पद्धतीत ज्या स्लॅबमध्ये तुम्ही पोहोचलात, त्याचा दर पूर्ण विक्रीला लागतो. 6 लाखांची विक्री झाली तर सगळ्या 6 लाखांवर 2 टक्के, म्हणजे 12,000 रुपये.

दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक टप्प्याला त्याचाच दर लागतो. पहिल्या 4 लाखांवर अर्धा टक्का, म्हणजे 2,000. पुढच्या 1 लाखावर 1 टक्का, म्हणजे 1,000. टार्गेटच्या वरच्या 1 लाखावर 2 टक्के, म्हणजे 2,000. एकूण 5,000 रुपये.

मेहनत तीच, विक्री तीच, तक्ताही तोच. पण हातात 12,000 की 5,000, हे तक्त्याखालच्या एका ओळीवर ठरते. "पूर्ण विक्रीवर" आणि "त्या टप्प्यातील विक्रीवर" यांपैकी नेमके काय लिहिले आहे ते बघा. काहीच लिहिले नसेल तर सरळ विचारा, "सर, 6 लाख विकले तर हातात किती येतील?" जो आकडा सांगतील तो लेखी घ्या, निदान मेलवर तरी.

शेवटच्या पाच हजारांची गंमत

पहिली पद्धत जास्त पैसे देते, पण तिच्यात एक कडा असते. 4,95,000 विकले तर 1 टक्क्याने 4,950 रुपये. पूर्ण 5 लाख झाले तर 2 टक्क्यांनी 10,000. म्हणजे शेवटच्या 5,000 रुपयांच्या विक्रीने कमिशन 5,050 रुपयांनी वाढले, विकलेल्या मालापेक्षाही जास्त!

म्हणूनच महिन्याच्या 30 तारखेला काहीजण ओळखीच्या माणसाच्या नावाने बिल फाडतात किंवा स्वतःच माल घेतात. पण 3 तारखेला तो माल परत आला की बहुतेक ठिकाणी ती विक्री वजा होते. आकडा पुन्हा 4,95,000 वर येतो आणि आधी दिलेले 5,050 रुपये पुढच्या पगारातून कापले जातात. गिऱ्हाईकाने खरोखरच शेरवानी परत केली तरी हेच होते. त्यामुळे परत आलेला माल कोणत्या महिन्यात वजा होतो, हे आधीच विचारून ठेवा. विक्री जीएसटी धरून मोजतात की वगळून, तेही विचारा. कड्याजवळ असाल तर तेवढ्यानेही स्लॅब बदलतो.

ईदचा महिना आणि टार्गेट

टार्गेट बऱ्याचदा मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या विक्रीवरून ठरते. इथे आपल्या वस्त्यांमधल्या दुकानांत एक घोळ होतो. रमजान ईद दरवर्षी इंग्रजी कॅलेंडरमध्ये सुमारे 10-11 दिवस आधी येते. 2024 साली आपल्याकडे ईद 11 एप्रिलला होती, 2025 साली 31 मार्चला. म्हणजे 2024 च्या एप्रिलमध्ये ईदची दहा दिवसांची गर्दी होती, 2025 च्या एप्रिलमध्ये ती राहिलीच नाही. मागचा आकडा बघून कुणी एप्रिलचे टार्गेट ठरवले असेल, तर तिथला चांगला सेल्समनही खालच्या स्लॅबमध्ये अडकला असणार. उलट मार्चचे टार्गेट सहज पार झाले असणार.

अशा वेळी मॅनेजरला तारखा दाखवून बोला. "टार्गेट जास्त आहे" एवढेच म्हटले तर तो रडगाणे समजेल. "मागच्या एप्रिलमध्ये ईद होती, या एप्रिलमध्ये नाही; दोन्ही महिने मिळून टार्गेट धरा," असे म्हटले तर त्याला मालकासमोर मांडायला मुद्दा मिळतो. बोलायचे ते महिना सुरू होण्याआधी बोला.

शेवटी एक सवय: आपल्या नावावर फाटलेल्या प्रत्येक बिलाचा नंबर, रक्कम आणि परत आलेला माल रोज वहीत लिहा. पगाराच्या दिवशी वाद झाला तर तोंडी हिशेब चालत नाही, वही चालते. आणि घरखर्च, हप्ते ठरवताना पक्का पगारच धरा. 4,950 आणि 10,000 यांच्यात फक्त एका शेरवानीचे अंतर आहे.