मृत्यू किती, आणि किती व्यक्ति-वर्षांत?

रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ मध्ये ब्रिटनमधील नोंदणीकृत डॉक्टरांना धूम्रपानाविषयी प्रश्नावली पाठवली आणि उत्तरे देणाऱ्यांचा पुढे अनेक वर्षे मागोवा घेतला. पुरुष डॉक्टरांच्या पहिल्या दशकातील नोंदींत हृदयधमनीच्या विकाराने धूम्रपान करणाऱ्यांपैकी ६३० आणि न करणाऱ्यांपैकी १०१ जण दगावले होते. या दोन आकड्यांची थेट तुलना करता येत नाही, कारण पहिला गट मुळातच मोठा होता. शिवाय प्रत्येक डॉक्टर सारखाच काळ निरीक्षणाखाली नव्हता.

म्हणून भाजक म्हणून माणसे न घेता व्यक्ति-वर्षे घेतात. एक माणूस सात वर्षे निरीक्षणाखाली राहिला, तर त्याची सात व्यक्ति-वर्षे होतात. माणूस ४४ वर्षांचा टप्पा ओलांडतो तेव्हा त्याची पुढची वर्षे पुढच्या वयोगटाच्या खात्यात जातात. या हिशोबाने धूम्रपान करणाऱ्यांची १,४२,२४७ आणि न करणाऱ्यांची ३९,२२० व्यक्ति-वर्षे भरली. दर हजार व्यक्ति-वर्षांमागे मृत्यू अनुक्रमे ४.४३ आणि २.५८, म्हणजे गुणोत्तर १.७२.

पण न करणाऱ्यांची जवळजवळ निम्मी व्यक्ति-वर्षे ३५ ते ४४ या सर्वांत तरुण गटातली होती, तर करणाऱ्यांची सुमारे ३७ टक्के. तरुण वयात हृदयविकाराचे मृत्यू विरळच. तेव्हा १.७२ मध्ये वयाचाही वाटा मिसळलेला आहे आणि तो वेगळा काढण्यासाठी प्रतिमान लागते.

प्वासाँ प्रतिमानात प्रत्येक गटातील मृत्यूंची अपेक्षित संख्या म्हणजे व्यक्ति-वर्षे गुणिले दर, आणि हा दर वय व धूम्रपान यांच्या परिणामांच्या गुणाकाराने बनतो. लॉगरिदम घेतला की गुणाकाराची बेरीज होते:

```
log(μ) = log(T) + β0 + β1·smoke + age
```

येथे T म्हणजे व्यक्ति-वर्षे, आणि log(T) हाच ऑफसेट. इतर पदांचे गुणांक आकडेवारीतून काढले जातात. ऑफसेटचा गुणांक मात्र १ ठरवून दिलेला असतो, कारण निरीक्षणाचा काळ दुप्पट झाला तर मृत्यूही दुप्पट अपेक्षित आहेत. R मध्ये ते असे लिहितात:

```r
glm(deaths ~ smoke + factor(age) + offset(log(pyears)),
    family = poisson)
```

इथे सहज होणारी चूक म्हणजे log न घेता व्यक्ति-वर्षे तशीच टाकणे. T दरवेळी व्यक्ति-वर्षेच असते असे नाही; वाहनांच्या अपघातांसाठी T म्हणजे कापलेले किलोमीटर. तेथे गुणांक १ धरणे ही गोष्ट तपासूनच घ्यावी, कारण रस्त्यावरची वर्दळ दुप्पट झाली म्हणून अपघात दुप्पट होतीलच असे नाही. log(T) ऑफसेट न ठेवता साधे चल म्हणून घेतले आणि त्याचा गुणांक १ पासून स्पष्टपणे दूर आला, तर प्रमाणाचे गृहीतक डळमळीत आहे.

आधीच भागाकार करून केवळ दर वापरला तर बरेच काही हरवते. ३५ ते ४४ वयोगटात करणाऱ्यांचे ५२,४०७ व्यक्ति-वर्षांत ३२ मृत्यू आणि न करणाऱ्यांचे १८,७९० मध्ये फक्त २. गुणोत्तर ५.७ येते, पण ते दोन मृत्यूंवर टेकलेले आहे. त्याची ९५ टक्के विश्वास-मर्यादा साधारण १.४ पासून २४ पर्यंत पसरते. संख्या आणि व्यक्ति-वर्षे वेगळी ठेवली की प्रतिमान या क्षीण पुराव्याला तेवढेच वजन देते.

पाचही वयोगट धरून केलेल्या गणनेत धूम्रपानाचे दर-गुणोत्तर १.४३ निघते, मर्यादा १.१५ ते १.७६. वय बाजूला काढल्यावर १.७२ चे १.४३ झाले. पुष्कळ अहवाल इथेच थांबतात, आणि ते चुकीचे आहे. प्रतिमान आकडेवारीशी जुळते का, हे डेव्हिअन्स सांगतो: तो येथे १२.१ आहे आणि स्वातंत्र्यमात्रा केवळ ४. प्रतिमान योग्य असते तर इतकी मोठी तफावत शंभरात दोनदाही दिसली नसती.

तफावत कुठे आहे ते गटवार पाहिल्यावर कळते. न करणाऱ्यांच्या तरुण गटात प्रतिमान ६.८ मृत्यू अपेक्षिते, घडले २. त्यांच्याच ७५ ते ८४ या गटात अपेक्षित २१.५, घडले ३१. एका टोकाला कमी आणि दुसऱ्या टोकाला जास्त, म्हणजे ही नुसती विखुरलेली गडबड नव्हे. विचरण सरासरीहून जास्त असते तेव्हा प्रमाण-त्रुटी वाढवून घेतात किंवा ऋण द्विपद प्रतिमान वापरतात. येथे तो उपाय खरे कारण झाकून टाकेल. धूम्रपानाचा परिणाम सर्व वयांत सारख्या पटीने होतो, हे गृहीतकच चुकले आहे.

वय हा चढता क्रमांक मानून, त्याचा वर्ग आणि वय व धूम्रपान यांचे गुणाकार-पद घातले की डेव्हिअन्स सुमारे १.६ वर येतो, स्वातंत्र्यमात्रा ५. आता गुणोत्तर तरुण गटात सुमारे ३.१ आहे आणि वयाबरोबर घटत शेवटच्या गटात ०.९ होते. त्या गटात धूम्रपानाने संरक्षण मिळते, असा त्याचा अर्थ नाही. दर-गुणोत्तराच्या छेदात वार्धक्यातला मुळातच मोठा मृत्युदर असतो, आणि धूम्रपानाने लवकर दगावणारे बरेचसे त्या वयापर्यंत उरलेलेच नसतात.